घड्याळाचे काटे अंधारात लवकर का विझतात?

अंधारात चमकणाऱ्या घड्याळाबद्दल लोक एकच प्रश्न विचारतात: "हे किती तास चमकायला हवं?" दुकानदार "रात्रभर" म्हणतो, खोक्यावरही तसंच काहीतरी छापलेलं असतं, आणि घेणाऱ्याला पाऊण तासात काटे दिसेनासे होतात. मग घड्याळ खराब आहे, की प्रकाश कमी पडला, की आपले डोळे? या तीन शक्यता वेगळ्या कशा करायच्या, हा आजच्या पोस्टचा विषय. नेट-सेट, पेटची तयारी करणाऱ्यांसाठी यात सॉलिड स्टेटचा एक छान तुकडा दडलेला आहे, तोही बघून घेऊ.

उदाहरण आमच्याच मजल्यावरचं आहे. माझ्या एका मित्राला ऑप्टिक्सच्या डार्क रूममध्ये सलग चार-चार तास बसावं लागतं. आत मोबाईल चालत नाही, स्क्रीनचा उजेड डिटेक्टरला दिसतो. रीडिंग मात्र वेळेवर घ्यायची असतात. म्हणून त्याने फेलोशिपच्या पैशांतून एक डायव्हर पद्धतीचं घड्याळ घेतलं. डायलवरचे तासाचे ठिपके छान चमकत राहायचे, पण तासकाटा आणि मिनिटकाटा साधारण चाळीस मिनिटांत गायब. नुसते ठिपके दिसून वेळ कळत नाही! परत करायची मुदत दहा दिवस. बदलून त्याच मॉडेलचं दुसरं घ्यायचं, की पैसेच परत मागायचे, हे त्याला ठरवायचं होतं.

आधी हा चमकणारा पदार्थ काय आहे ते बघू. आजच्या चांगल्या घड्याळांतला 'ल्यूम' म्हणजे बहुतेक वेळा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, त्यात थोडं युरोपियम आणि डिस्प्रोसियम: SrAl2O4:Eu2+,Dy3+. जपानमधल्या नेमोतो कंपनीने हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणला आणि १९९६ मध्ये मात्सुझावा व सहकाऱ्यांचा त्यावरचा पेपर आला. तो पेपर या क्षेत्रात अजूनही पहिला वाचायला देतात. त्याआधी तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड चालायचं, ते काही मिनिटांत मंदावतं. स्वस्त घड्याळांत आणि खेळण्यांत ते आजही सापडतं.

प्रकाश देण्याचं काम युरोपियम करतं. अतिनील किंवा निळा प्रकाश पडला की Eu2+ मधला एक इलेक्ट्रॉन 4f मधून 5d पातळीवर चढतो. तो लगेच खाली आला तर साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. हे सगळं मायक्रोसेकंदात संपतं. म्हणजे नुसतं युरोपियम असतं तर दिवा बंद, चमक बंद. चमक टिकते कारण वर चढलेल्यांपैकी काही इलेक्ट्रॉन वाट चुकतात. ते कंडक्शन बँडमार्गे स्फटिकातल्या 'ट्रॅप'मध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, जाऊन पडतात. खोलीच्या तापमानाची उष्णता त्यांना अधूनमधून धक्का देते, ते खळग्यातून बाहेर येतात, युरोपियमकडे परततात आणि तेव्हा कुठे हिरवा फोटॉन सुटतो.

हे खळगे नक्की कशाचे? मात्सुझावांच्या पेपरात प्रवास करणारा कण इलेक्ट्रॉन नव्हे तर होल होता. २००५ मध्ये डोरेनबोस यांनी दाखवलं की ऊर्जापातळ्यांचा हिशेब तसा जुळत नाही, आणि इलेक्ट्रॉन डिस्प्रोसियमवर अडकतो असं मॉडेल मांडलं. त्याच वर्षी ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांना महत्त्व देणारं वेगळं मॉडेलही आलं. वाद पूर्ण मिटलेला नाही. मुलाखतीत कुणी विचारलं तर एकच मॉडेल ठोकून सांगू नका. आपल्या प्रश्नासाठी मात्र खळगा कशाचा आहे यापेक्षा तो किती खोल आहे हे महत्त्वाचं.

पावसाळ्यातल्या रस्त्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाऊस म्हणजे प्रकाश, खड्ड्यांतलं पाणी म्हणजे अडकलेले इलेक्ट्रॉन, ऊन म्हणजे उष्णता. पाऊस थांबला की उथळ खड्डे आधी कोरडे होतात, खोल खड्ड्यांत पाणी राहतं. आपल्याला दिसणारी चमक म्हणजे पाण्याचा साठा नव्हे, तर पाणी सुकण्याचा वेग! हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खळग्याची खोली E असेल तर त्यात इलेक्ट्रॉन सरासरी किती वेळ राहील?

`τ = (1/s) · exp(E/kT)`

इथे s म्हणजे इलेक्ट्रॉन दर सेकंदाला बाहेर पडण्याचे किती प्रयत्न करतो ती संख्या. उदाहरणापुरतं s = १०^१० प्रति सेकंद धरू, तापमान ३०० केल्विन. मग E = ०.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टला τ येतो साधारण ८ सेकंद. ०.७५ ला साडेसहा मिनिटं. ०.८५ ला पाच तासांहून जास्त. खोलीत जेमतेम ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक, आणि सेकंदांचे तास झाले. एक्स्पोनेन्शियलची ही ताकद हाताने आकडे घालून एकदा तरी बघावी, नुसतं सूत्र पाठ करून ती जाणवत नाही.

उष्णतेची भूमिका खरी आहे का हे घरी तपासता येतं. छताला चिकटवायचे चमकणारे तारे मिळतात, त्यातला एक उजेडात धरा, मग अंधारात गरम चहाच्या कपाला टेकवा. तो एकदम उजळतो आणि मग शेजारच्या न तापवलेल्या ताऱ्यापेक्षा मंद होतो. नवी ऊर्जा कुठून आलेली नाही. जे इलेक्ट्रॉन तासाभरात सावकाश निघाले असते ते आत्ताच बाहेर पडले, इतकंच.

आता मुख्य मुद्दा. खऱ्या पदार्थात सगळे खळगे एकाच खोलीचे नसतात, खोलींचा एक पसारा असतो. सोयीसाठी धरा की ठरावीक पट्ट्यात प्रत्येक खोलीचे खळगे सारख्याच संख्येने आहेत, एकक ऊर्जेमागे n. प्रकाश बंद केल्यावर t वेळाने कोणते खळगे रिकामे होत असतील? ज्यांचा τ साधारण t एवढा आहे ते. त्यापेक्षा उथळ केव्हाच संपले, त्यापेक्षा खोल अजून हललेले नाहीत. म्हणजे रिकामं होण्याची सीमा अशी खाली सरकते:

`E = kT · ln(s·t)`

आणि चमक म्हणजे ही सीमा सरकण्याचा वेग गुणिले खळग्यांची संख्या:

`I = n · dE/dt = n·kT/t`

दोन ओळींत उत्तर आलं: चमक १/t ने उतरते. एक्स्पोनेन्शियल नाही. सगळे खळगे एकाच खोलीचे असते तर एक्स्पोनेन्शियल आलं असतं. इथे सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा दुसऱ्या खळग्यात पडू शकतो हे मी सोडून दिलंय, आणि सर्वांत खोल खळगेही संपत आले की चमक १/t पेक्षा वेगाने कोसळते. पण मधल्या काही तासांसाठी हे बरंच चांगलं चालतं.

१/t चा एक परिणाम घड्याळ घेणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा आहे. समजा एका ल्यूमची चमक एक मिनिटाला ४०० मिलिकँडेला प्रति चौरस मीटर आहे. दहा मिनिटांनी ४०, शंभर मिनिटांनी ४. सुरक्षाफलकांच्या मोजमापात ०.३२ ही खालची मर्यादा धरतात. ती अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सीमेच्या साधारण शंभरपट आहे. आपल्या ल्यूमला तिथे पोचायला १२५० मिनिटं लागतील, म्हणजे जवळजवळ २१ तास. आता तोच पदार्थ, पण सुरुवातीची चमक दहापट कमी: एक मिनिटाला ४०. हा १२५ मिनिटांत, दोन तासांत, मर्यादेवर येतो. चमक जितक्या पट कमी, टिकण्याची वेळही तितक्याच पट कमी. म्हणून "सुरुवातीला जरा मंद आहे, पण टिकेल ना रात्रभर?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. पदार्थ एकच असेल तर जो मंद तोच लवकर विझणारा.

चमक कमी का असेल? दोन कारणं मोठी आहेत: प्रकाश पुरेसा मिळाला नाही, किंवा पदार्थच कमी आहे.

प्रकाशाचं आधी. युरोपियमला निळा आणि अतिनील प्रकाश लागतो. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा भाग असतो म्हणून तो चालतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये निळा फारच थोडा, त्यामुळे बल्बखाली तासभर ठेवूनही फारसं हाती लागत नाही. प्रमाण बघा: दिवाणखान्यात संध्याकाळी शंभर-दोनशे लक्स, नीट उजेडाच्या ऑफिसात तीनशे ते पाचशे, भर उन्हात एक लाखाच्या घरात. उन्हात काही मिनिटांत खळगे भरतात आणि त्यानंतर घड्याळ दिवसभर उन्हात ठेवलंत तरी वाढ होत नाही, कारण रिकामी जागाच उरत नाही.

मंद उजेडातली गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे भरणं आणि सुकणं एकाच वेळी चालू असतं. रिमझिम पावसात खड्डा भरतोही आणि वाफही होत राहते, आणि पाण्याची एक पातळी ठरून जाते, तसंच. खोल खळगे भरायला मंद उजेडात बराच वेळ लागतो. मोबाईलचा टॉर्च जवळ धरून दहा सेकंद मारला की घड्याळ झळाळून उठतं, पण त्यात उथळ खळग्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून ती झळाळी फसवी. टॉर्चखालचा फोटो टाकून "बघा किती चमकतं" म्हणणाऱ्यांकडे मी दुर्लक्ष करते. फोटो अर्ध्या तासानंतरचा हवा.

पदार्थ कमी असणं म्हणजे थर पातळ असणं. आणि इथे काटे आणि ठिपके यांच्यात मुळातच भेद आहे. ठिपक्याखाली डायलचा आधार असतो, बहुतेकदा पांढरा. त्यावर जाड थर देता येतो आणि मागे गेलेला प्रकाश परावर्तित होऊन पुढे येतो. काटा मात्र मधून पोकळ चौकट असतो. त्या फटीत ल्यूमची लगदी मागच्या बाजूने ओढून भरतात, ती पृष्ठताणाने फटीत पडद्यासारखी धरली जाते आणि वाळते. मागे आधार नाही. काटे जड झालेलेही चालत नाहीत आणि एकमेकांना घासता कामा नयेत, त्यामुळे जाडीवर मर्यादा येते. शिवाय बारीक जागेत भरायला बारीक दाण्यांची पूड लागते, आणि या पदार्थाची बारीक पूड मोठ्या दाण्यांपेक्षा मंद असते. जाडी वाढवत गेलं तरी फायदा कायम वाढत नाही, एका मर्यादेनंतर आतल्या दाण्यांपर्यंत उजेडच पोचत नाही. पण काट्यांतला थर बहुधा त्या मर्यादेच्या बराच अलीकडे असतो.

म्हणजे काटे ठिपक्यांआधी विझणं हे अपेक्षितच. मित्राचा प्रश्न वेगळा होता: हे नुसतं पातळ थरामुळे आहे, की त्याच्या नगातल्या काट्यांचा ल्यूमच वेगळा किंवा बिघडलेला आहे? या पदार्थाला पाणी सोसत नाही. ओलावा लागला की स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटचं विघटन होतं आणि ते पुन्हा चमकत नाही. भरण्या-सुटण्याच्या फेऱ्यांनी मात्र ते झिजत नाही, "रोज चार्ज केल्याने संपतं" हा गैरसमज आहे.

हे वेगळं करायला महागडं उपकरण लागत नाही. काटा आणि ठिपका एकाच फोटोत घ्यायचा आणि त्यांचं गुणोत्तर बघायचं. कॅमेऱ्याची संवेदनशीलता, अंतर, खोलीचं तापमान, सगळं दोघांना सारखंच लागू असल्याने गुणोत्तरात कटून जातं. अट एवढीच की फोन मॅन्युअल मोडवर असावा, एक्स्पोजर, आयएसओ आणि फोकस पक्के असावेत, आणि फोटो रॉ स्वरूपात असावा. जेपीईजीमध्ये फोन स्वतःच्या मर्जीने अंधार उजळवतो, त्यातून आलेले आकडे कामाचे नाहीत. लेन्स झाकून एक फोटो घ्यायचा आणि तो वजा करायचा. काट्याच्या कडेवर चौकटीची सावली आणि अस्पष्टता असते, म्हणून फक्त मधल्या पट्टीतल्या पिक्सेलांची सरासरी घ्यायची.

घड्याळ पाच मिनिटं उन्हात ठेवलं, मग डार्क रूममध्ये १, १० आणि ६० मिनिटांनी फोटो घेतले. आकडे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या एककात आहेत, कँडेलात नाहीत.

```
import numpy as np
t = np.array([1, 10, 60])
thipka = np.array([2400, 260, 41])
kata = np.array([400, 43, 7])
print(np.polyfit(np.log(t), np.log(thipka), 1)[0])
print(thipka / kata)
```

उतार आला -०.९९, म्हणजे ठिपका १/t च्या रेषेवर अगदी सुरेख बसला. (तीन बिंदूंवरून याहून मोठा दावा करू नये.) गुणोत्तर: ६.०, ६.०, ५.९. तासभर हललंच नाही.

हे न हलणं हीच खरी माहिती. काट्यात वेगळा पदार्थ असता, समजा जुनं झिंक सल्फाइड, तर त्याचा उतार वेगळा असता आणि गुणोत्तर वेळेबरोबर वाढत गेलं असतं. ओलाव्याने काही भाग मेला असता तर काट्याच्या लांबीवर डाग दिसले असते, एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला वेगळे आकडे आले असते. दोन्ही काट्यांवर, सगळीकडे, सारखंच सहापट कमी आलं. याचा सरळ अर्थ: पदार्थ तोच, निरोगी, फक्त थर पातळ. आणि मघाचा नियम लावला तर काटा ४० मिनिटांत दिसेनासा होत असेल तर ठिपका २४० मिनिटांत, चार तासांत, व्हायला हवा. मित्राच्या वहीत ठिपके "साधारण चार तासांपर्यंत" दिसल्याची नोंद आधीपासून होती.

निर्णय इथे होतो. दोष नगात नाही, रचनेत आहे. त्याच मॉडेलचं दुसरं घड्याळ घेतलं तर तेही चाळीस मिनिटांतच विझेल. त्यामुळे त्याने बदली न घेता पैसे परत मागितले, आणि नवं घेताना रुंद, जाड भरलेल्या काट्यांचं घेतलं.

डोळ्यांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण "चाळीस मिनिटं" हा आकडा काट्याइतकाच डोळ्याचाही आहे. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. उजेडातून नुकतंच अंधारात येऊन घड्याळ बघितलं तर ते विझलेलं वाटतं, पहाटे तीनला जाग आल्यावर तेच घड्याळ स्पष्ट दिसतं, खरं तर तेव्हा त्याची चमक कितीतरी कमी झालेली असते. दुसरी गोष्ट: मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी नसतात, साधारण एक अंशाचा तो भाग त्यांच्याविना असतो. ३० सेंटीमीटरवर धरलेल्या घड्याळाचा एक मिलिमीटर रुंद काटा डोळ्याशी जेमतेम ०.२ अंशाचा कोन करतो. आपण त्याच्याकडे रोखून बघतो तेव्हा त्याचा बराचसा भाग नेमका त्या आंधळ्या मधल्या जागेवर पडतो. म्हणून काट्याकडे न बघता डायलच्या कडेला बघा, काटा परत दिसू लागतो. मित्राला या युक्तीने जुन्या घड्याळातही आणखी बराच वेळ मिळाला, पण रीडिंग घेताना तिरकं बघत बसणं काही खरं नाही.

तर किती वेळ चमकायला हवं? गोताखोरीच्या घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मानकात अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता यावी अशी अट आहे. जाड ल्यूमचं चांगलं घड्याळ उन्हात भरलेलं असेल तर सरावलेल्या डोळ्यांना सहा-आठ तासांनीही वाचता यायला हवं. बारीक काट्यांच्या रोजच्या घड्याळाकडून अर्धा ते दोन तास, त्याहून जास्त अपेक्षा धरू नये. आणि ट्यूबलाइटखाली भरून तपासणं अन्यायाचं आहे, आधी ऊन द्या.

एक सावधगिरी जुन्या घड्याळांबाबत. आपल्याकडे चमकणाऱ्या कशालाही सरसकट 'रेडियम' म्हणतात, गाडीच्या मागच्या स्टिकरलासुद्धा, ज्यात ना रेडियम असतं ना स्वतःची चमक. पण आजोबांच्या घड्याळात ते खरोखर असू शकतं. १९६०च्या दशकापर्यंत काट्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइडचं मिश्रण लावत. त्यातलं झिंक सल्फाइड अल्फा कणांच्या माऱ्याने केव्हाच निकामी झालेलं असतं, म्हणून घड्याळ विझलेलं दिसतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं आहे, ते तिथेच आहे. नंतरच्या ट्रिटियमच्या रंगाचं उलट: अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांनी स्रोतच संपत आलेला. डायलच्या तळाशी बारीक T अक्षर असेल तर तो ट्रिटियम. या दोन्ही प्रकारांना उन्हात ठेवून काही साधत नाही. आणि काळपट-तपकिरी पडलेले, पापुद्रे सुटलेले जुने काटे दिसले तर घड्याळ घरी उघडून ते खरवडू नका. ती धूळ श्वासातून आत जाणं हाच त्यातला खरा धोका आहे.